‘असं म्हणत नाहीत’ हे कशावरून?

१९५८ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात इंग्रजी भाषेच्या विश्लेषणावर एक परिषद भरली होती. नोम चॉम्स्की तेव्हा २९ वर्षांचे होते. आदल्याच वर्षी त्यांचे ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ हे लहानसे पुस्तक निघाले होते आणि भाषाविज्ञानात खळबळ सुरू झाली होती. चर्चेच्या ओघात त्यांनी ‘परफॉर्म’ या क्रियापदाविषयी एक नियम सांगितला. या क्रियापदाला मोजता येणारे नाम कर्म म्हणून चालते, न मोजता येणारे चालत नाही. ‘परफॉर्म अ टास्क’ म्हणता येते, ‘परफॉर्म लेबर’ म्हणता येत नाही. त्यावर अ‍ॅना हॅचर या अभ्यासक बाईंनी त्यांना हटकले. तुम्ही कुठलाही मजकूर तपासलेला नाही, या क्रियापदाचा अभ्यासही केलेला नाही, मग हे तुम्हाला कळले कसे? चॉम्स्कींचे उत्तर सरळ होते: इंग्रजी ही माझी जन्मभाषा आहे, म्हणून मला कळते.

हे उत्तर मराठी घरांतही रोज ऐकू येते. ‘मराठीत असं म्हणत नाहीत’ असे कोणीतरी ठासून सांगतो आणि वाद तिथे संपतो किंवा चिघळतो. सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या कानाला ते वाक्य खरोखरच खटकलेले असते. पण एका माणसाच्या कानावरून अख्ख्या भाषेचा नियम काढता येतो का, आणि नसेल येत तर तो नियम तपासायचा कशावर, हा प्रश्न हॅचरबाईंनी नेमका धरला होता. कॉर्पस भाषाविज्ञान ही शाखा गेली साठेक वर्षे याच प्रश्नाचा पाठपुरावा करते आहे.

कॉर्पस म्हणजे लोकांनी खरोखर लिहिलेल्या आणि बोललेल्या मजकुराचा, संगणकात शोधता येईल असा, विचारपूर्वक निवडलेला साठा. यात ‘विचारपूर्वक निवडलेला’ हे महत्त्वाचे. टेक्सासच्या परिषदेच्या वेळी असा संगणकीय साठा उपलब्ध नव्हता. पुढच्या वर्षी रँडॉल्फ क्वर्क यांनी ब्रिटनमध्ये इंग्रजीच्या वापराचे सर्वेक्षण सुरू केले, तेही कागदी चिठ्ठ्यांवर. मग अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात १९६१ साली छापलेल्या मजकुरातून ५०० उतारे निवडण्यात आले. प्रत्येक उतारा सुमारे २,००० शब्दांचा, म्हणजे एकूण दहा लाख शब्द. नव्वदच्या दशकात ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’ तयार झाला तो दहा कोटी शब्दांचा. त्यातले नऊ कोटी लेखी आणि एक कोटी बोलण्यातले.

या दहा कोटींत ‘परफॉर्म’ची तपासणी कशी होते ते पाहू. पहिले काम म्हणजे क्रियापदाची सगळी रूपे एकत्र शोधणे: परफॉर्म, परफॉर्म्स, परफॉर्म्ड, परफॉर्मिंग. संगणक प्रत्येक ठिकाणची एक ओळ काढतो. शोधलेला शब्द मधोमध आणि त्याच्या डावी-उजवीकडे चार-पाच शब्द. अशा ओळी एकाखाली एक लावल्या की डोळ्यांना आकृतिबंध दिसू लागतात. ज्या ओळींत क्रियापदाला कर्मच नाही, म्हणजे ‘गाडी चांगली चालली’ किंवा ‘नट रंगमंचावर आला’ अशा अर्थाच्या, त्या बाजूला काढायच्या. उरलेल्या ओळींतली कर्मे टिपायची. टास्क, फंक्शन, ड्यूटी, ऑपरेशन, सेरेमनी ही नामे अपेक्षेप्रमाणे सापडतात. पण त्यांच्या शेजारीच ‘परफॉर्म मॅजिक’ही सापडते आणि मॅजिक हे न मोजता येणारे नाम आहे. सर्जरीही तसेच, आणि ‘परफॉर्म सर्जरी’ तर अमेरिकेतल्या कुठल्याही रुग्णालयात रोज बोलले जाते. नियम म्हणून मांडलेले चॉम्स्कींचे विधान इथे तुटते.

मग ज्या उदाहरणाला ते ‘म्हणता येत नाही’ म्हणाले, त्या ‘परफॉर्म लेबर’चे काय? गोष्ट इथे खरी रंजक होते. रोजच्या बोलण्यात ते जवळजवळ नाहीच. पण अमेरिकेत बांधकाम मजूर आणि पुरवठादार यांची थकबाकी मालमत्तेवर बोजा म्हणून चढवण्याचे कायदे आहेत, त्यांत ‘मजुरी करणारे आणि साहित्य पुरवणारे’ या अर्थाने ‘परफॉर्म लेबर’ ही ठरीव शब्दयोजना आहे. वकिलाला ती ओळखीची, प्राध्यापकाला खटकणारी. चॉम्स्कींच्या कानाने त्यांना खोटे सांगितले नव्हते. तो कान ज्या वर्तुळात घडला होता, त्या वर्तुळाची इंग्रजी त्याने सांगितली होती. एवढ्या कुशाग्र माणसाच्या बाबतीत हे घडत असेल, तर भाषेविषयीची कोणाचीही ठाम जाणीव तपासून घ्यायला हवी.

तरीही त्यांचा संशय सपशेल निराधार नव्हता. ‘परफॉर्म’ची कर्मे पाहिली तर त्यांत बरीचशी नामे ठरवून, रीतीने, कौशल्याने पार पाडायच्या गोष्टींची दिसतात. शस्त्रक्रिया, विधी, कर्तव्य, जादूचे प्रयोग. मोजता येणे किंवा न येणे हा खरा निकष नव्हता, कर्माच्या अर्थात काहीतरी होते. शब्दांच्या या सोबतीला भाषाविज्ञानात सहप्रयोग म्हणतात. झोप गाढ लागते, जंगल दाट असते, चहा कडक असतो. ‘दाट झोप’ म्हटले तर व्याकरण कुठेही मोडत नाही, पण मराठी माणूस थबकतो. इंग्रजीतल्या अशा सोबतीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी. सोबत खरोखर घट्ट आहे की केवळ दोन्ही शब्द फार वापरले जातात म्हणून शेजारी आले, हे पाहायला एक साधा हिशेब करतात. दोन्ही गोष्टी एकमेकींशी संबंध नसताना योगायोगाने किती वेळा एकत्र आल्या असत्या, हा अपेक्षित आकडा काढायचा आणि प्रत्यक्ष आकड्याशी ताडायचा.

हाच हिशेब उलट्या बाजूनेही चालवता येतो आणि तिथे कॉर्पसची ताकद व मर्यादा दोन्ही दिसतात.

कॉर्पसवरचा सर्वांत जुना आक्षेप असा, की एखादी रचना साठ्यात सापडली तर ती भाषेत आहे एवढे कळते. सापडली नाही तर काहीच कळत नाही. कदाचित ती पुढच्या पानावर आली असती. जर्मन अभ्यासक अनातोल स्टेफानोविच यांनी २००६ साली या आक्षेपाला एका उदाहरणाने उत्तर दिले. त्यांनी निवडलेले क्रियापद ‘से’ हे होते. इंग्रजीत ‘गिव्ह’ दोन कर्मे घेते: ‘गिव्ह मी द बुक’. ‘टेल’ही घेते: ‘टेल मी द स्टोरी’. ‘से’ मात्र घेत नाही, असे व्याकरण सांगते. मराठी मुले इंग्रजी शिकताना ‘ही सेड मी’ अशी चूक सहज करतात, कारण मराठीत ‘तो मला म्हणाला’ हे अगदी सरळ आहे. प्रश्न असा की ‘से’चा हा नियम केवळ मोजून सिद्ध होतो का?

स्टेफानोविच यांनी ब्रिटिश इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा असा कॉर्पस घेतला, की ज्यातल्या प्रत्येक वाक्याची रचना आधीच तपासून नोंदवलेली आहे. त्यात क्रियापदे सुमारे १,३६,५०० वेळा येतात. त्यांतली दोन कर्मांच्या रचनेत साधारण १,८२० वेळा, म्हणजे ७५ प्रयोगांमागे एक. ‘से’ हे क्रियापद सुमारे ३,३३० वेळा येते. त्याला इतर क्रियापदांसारखीच मोकळीक असती, तर ते दोन कर्मांच्या रचनेत ४४ वेळा तरी दिसायला हवे होते. प्रत्यक्षात दिसते शून्य वेळा. ४४च्या अपेक्षेपुढे शून्य येणे निव्वळ योगायोगाने घडणे जवळपास अशक्य आहे. इथे न सापडणे हाही पुरावा झाला.

याच हिशेबाची दुसरी बाजू तेवढीच महत्त्वाची. समजा, एखादे क्रियापद त्याच कॉर्पसमध्ये फक्त ७५ वेळा आले. मग दोन कर्मांच्या रचनेत ते एकदा दिसावे एवढीच अपेक्षा. अशा वेळी ती रचना त्या क्रियापदाला पूर्ण मोकळी असली, तरी शंभरातल्या सदतीस वेळा शून्यच हाती येईल. त्या शून्यावरून नियम सांगणे म्हणजे एकाच दिवशी बाजारात हापूस दिसला नाही म्हणून हंगाम संपला असे जाहीर करणे. भाषेतले बहुतेक शब्द असेच विरळ येणारे असतात, म्हणून दहा लाख शब्द ऐकायला भरपूर वाटले तरी बहुतेक क्रियापदांच्या बाबतीत ते तोकडे पडतात.

शिवाय ‘से’च्या शून्याने कारण सांगितलेले नाही. ती रचना व्याकरणाने अडवली आहे, की अर्थाला जुळत नाही, की ‘टेल’ने ती जागा आधीच बळकावली आहे, यांतले काहीही खरे असू शकते. मोजणी फक्त एवढे सांगते की इथे काहीतरी अडथळा आहे. अडथळा कशाचा आहे, हे कळायला लोकांना वाक्ये देऊन त्यांच्या प्रतिक्रिया घ्याव्या लागतात, मुले ते क्रियापद कसे शिकतात ते पाहावे लागते.

स्वतः चॉम्स्कींनी आकड्यांविरुद्ध एक नेमका युक्तिवाद केला होता आणि तो आजही टिकून आहे. ‘मी न्यू यॉर्कला राहतो’ हे वाक्य ‘मी डेटनला राहतो’ यापेक्षा कितीतरी अधिक वेळा बोलले जाणार. पण यावरून इंग्रजी व्याकरणाविषयी कणभरही माहिती मिळत नाही. न्यू यॉर्कला माणसे जास्त राहतात, एवढेच. म्हणून नुसती वारंवारता कधीच बोलत नाही. दोन रचनांची तुलना करायची तर दोन्हींना समान संधी असेल अशाच जागा निवडाव्या लागतात.

हे सगळे मराठीत आणून पाहू. मराठीत सध्या घरोघरी रंगणारा एक वाद घ्या. ‘मला मदत कर’ हेच मराठी, ‘माझी मदत कर’ हे हिंदीतून आलेले, असे भाषाप्रेमी कळकळीने सांगतात. हिंदीत ‘मेरी मदद करो’ आहे हे खरेच. तर दावे दोन झाले. एक, ‘माझी मदत कर’ मराठीत म्हणत नाहीत किंवा म्हणत नव्हते. दोन, ते हिंदीमुळे आले. दोन्ही दावे तपासण्याजोगे आहेत, पण कॉर्पस उघडून ‘ची मदत’ असा शोध घेतला की लगेच हात पोळतात.

नमुन्यासाठी रचलेल्या या ओळी पाहा. ‘पोलिसांची मदत घेऊन घराचा ताबा मिळवला.’ ‘शेजाऱ्यांची मदत झाली म्हणून निभावलं.’ ‘शेतकऱ्यांची मदत अजून खात्यावर जमा झालेली नाही.’ ‘त्यांनी आम्हाला मोलाची मदत केली.’ ‘दहा हजारांची मदत केली.’ ‘पुरात अडकलेल्या कुटुंबाची मदत केली.’ या सहाही ओळी शोधात सापडतील. पहिल्या दोहोंत ‘ची’ मदत देणाऱ्याची आहे. तिसरीत मदत शेतकऱ्यांना मिळायची आहे, पण तिथे ‘करणे’ हे क्रियापद नाही. ‘शेतकऱ्यांची मदत’ म्हणजे त्यांच्या हक्काची रक्कम. चौथीत ‘ची’ मदतीचा गुण सांगते, पाचवीत रक्कम. ज्यावरून भांडण आहे ती रचना फक्त सहाव्या ओळीत आहे. पाच ओळी जुन्या, निर्मळ मराठीच्या, आणि ज्याने केवळ आकडा मोजला त्याच्या हिशेबात सहाही ‘हिंदी वळणाच्या’.

म्हणून दाव्याला आधी धार लावावी लागते. तो असा मांडायला हवा: ‘मदत करणे’ या क्रियापदाबरोबर, ज्याला मदत मिळते त्याच्या नावाला ‘ला’ किंवा ‘ना’ लागतो, ‘ची’ लागत नाही. आता शोध ‘मदत’ आणि ‘करणे’ची रूपे जवळजवळ येतात अशा ओळींचा. त्यांतून लॉटरीसारख्या निवडलेल्या दोन-तीनशे ओळी दोन जणांनी स्वतंत्रपणे वाचायच्या, प्रत्येक ओळीत मदत कोणाला मिळाली ते ठरवायचे आणि ज्या ओळींवर दोघांचे मत जुळत नाही त्या वेगळ्या ठेवायच्या. ज्या वाक्यांत मदत मिळणाऱ्याचा उल्लेखच नाही ती गाळायची. मग उरलेल्यांत ‘ला’चा वाटा किती आणि ‘ची’चा किती, हे प्रमाण काढायचे. ‘ची’ शंभर ठिकाणी सापडली हे ऐकून काही कळत नाही. शंभर दोनशेपैकी की वीस हजारांपैकी, यावर सगळे अवलंबून आहे.

या मार्गावर देवनागरीचा स्वतःचा एक सापळा आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ऱ्य संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलेले असते. दुसऱ्यात साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. एका तऱ्हेने टाइप करून शोधले तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले सगळे ‘शेतकरी’, ‘शेजारी’ आणि ‘कर्मचारी’ बहुवचनात गळतात. वाईट हे की गळले ते दिसत नाही. ओळखण्याचा उपाय एकच: कॉर्पसमधल्या दोन-चार लेखांत तो शब्द डोळ्यांनी मोजायचा आणि शोधाने दिलेला आकडा त्याच्याशी जुळतो का ते पाहायचे. जुळला नाही, तर आधी सगळा मजकूर एका तऱ्हेत बदलून घ्यायचा आणि मगच मोजायला बसायचे.

पुरेसा मजकूर मराठीत आहे का? आहे. पुण्यातल्या एलथ्रीक्यूब या गटाने २०२२ साली ‘महाकॉर्पस’ नावाचा सुमारे २९ कोटी शब्दांचा साठा खुला केला. पण त्यातला बहुतांश मजकूर बातम्यांचा आहे. बातमी संपादकाच्या हाताखालून जाते. वार्ताहराने ‘कुटुंबाची मदत केली’ लिहिले आणि उपसंपादकाने ते ‘कुटुंबाला’ केले, तर कॉर्पसमध्ये उपसंपादकाची मराठी नोंदली जाते, वार्ताहराची नाही. शिवाय ‘ची’च्या तीस ओळी सापडल्या आणि त्यांतल्या पंचवीस एकाच लेखकाच्या निघाल्या, तर तो त्या लेखकाचा लकबीचा भाग असतो, भाषेचा नव्हे. किती ओळी, याच्याबरोबर किती वेगवेगळ्या मजकुरांत, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

दुसरा दावा, हिंदीमुळे आल्याचा, आणखी अवघड. नीट बघितले तर मराठीत षष्ठीचे असे कितीतरी जोड आहेत: आईची सेवा करणे, मित्राची चेष्टा करणे, देवाची पूजा करणे, ग्राहकाची फसवणूक करणे, कोणाची तरी स्तुती करणे. ज्याच्यावर क्रिया घडते त्याला इथे ‘ची’च लागते. ‘कोणाच्या मदतीला धावणे’ यातही षष्ठी आहे आणि ते कोणाला परके वाटत नाही. म्हणजे ‘मदत’ हा शब्द ‘सेवा’ आणि ‘चेष्टा’ यांच्या रांगेत जाऊन बसला, हे हिंदीच्या मदतीवाचूनही घडू शकते. दोन कारणांपैकी कोणते खरे, हे वारंवारतेचा एक आकडा सांगू शकत नाही. हिंदीच कारण असेल तर हिंदीशी रोजचा संबंध असलेल्या भागांत आणि हिंदीतून भाषांतरित मजकुरात ‘ची’चे प्रमाण ठळकपणे जास्त दिसायला हवे, हिंदी दूरचित्रवाणी येण्याआधीच्या मजकुरात ते अगदी कमी असायला हवे. अंतर्गत कारण असेल तर जुन्या खासगी पत्रांतही ते अधूनमधून सापडावे. हे तपासायला साल आणि ठिकाण नोंदलेला मजकूर लागतो. संकेतस्थळांवरून गोळा केलेल्या साठ्यात नेमकी तीच माहिती बहुधा पुसली गेलेली असते.

तुलनेत साल किती अडचण करते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा पहिला मोठा संगणकीय कॉर्पस उभा केला. ब्राउनच्याच धर्तीवर ५०० उतारे, दहा लाख शब्द. जगभरच्या अभ्यासकांना ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने तो ठाऊक आहे आणि मराठी वाचकांना मात्र क्वचितच. भारतीय इंग्रजी ब्रिटिश इंग्रजीहून कुठे वेगळी आहे, हे ऐकीव मतांऐवजी मोजून सांगण्याची सोय त्याने केली. पण त्यातला मजकूर १९७८ सालचा आहे, आणि ज्याच्याशी तुलना करायची तो ब्रिटिश साठा १९६१चा. दोन्हींत एखाद्या रचनेचे प्रमाण वेगळे आले तर तो फरक भारताचा, की मधल्या सतरा वर्षांचा? पुढे जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात १९९१ सालच्या ब्रिटिश मजकुराचा तसाच साठा तयार झाला, तेव्हा कुठे या शंकेवर इलाज सापडला. १९६१ आणि १९९१ यांच्या दरम्यान ब्रिटिश इंग्रजी स्वतःच कुठल्या दिशेने सरकली ते दिसले की कोल्हापूरचा १९७८चा आकडा त्या वाटेवर बसतो की बाजूला पडतो, हे पाहता येते. वाटेवर बसला तर फरक काळाचा असण्याची शक्यता जास्त.

आणि कॉर्पस काय ठरवू शकतच नाही, तेही स्पष्ट सांगायला हवे. ‘माझी मदत कर’ शंभरातल्या चाळीस ठिकाणी सापडले, तरी ते शाळेच्या पुस्तकात चालवावे की नाही, हा निर्णय आकड्यातून निघत नाही. तो मराठी समाजाने घ्यायचा आहे आणि जपणुकीची बाजू मांडणाऱ्यांचा त्यावर पूर्ण हक्क आहे. पण ‘मला मदत कर’ जपायचे असेल तर ‘मला ते नीटस वाटते, माझ्या आजीचे ते वळण आहे, म्हणून जपू या’ असे म्हणावे. ‘मराठीत दुसरे कोणी म्हणतच नाही’ हे वेगळे विधान आहे. ते पुराव्याचे आहे आणि पुराव्याने खोटे ठरू शकते.

आजच्या घडीला निकाल इतकाच देता येतो: संपादित, छापील मराठीपुरता हा वाद मोजून मिटवण्याइतका मजकूर हाताशी आहे, बोलल्या जाणाऱ्या मराठीविषयी आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या घरगुती मराठीविषयी नाही. ती उणीव भरून काढण्याचे साहित्य अनेक घरांत पडून आहे. आजोबांची पत्रे, गावातल्या सभांची आणि कीर्तनांची ध्वनिफितींवरची मुद्रणे, महिला मंडळांची हस्तलिखिते. ती रद्दीत घालण्याआधी त्यांवर साल, गाव आणि लिहिणाऱ्या-बोलणाऱ्याचे साधारण वय लिहून ठेवा, घरच्यांची संमती घ्या आणि जवळच्या विद्यापीठाच्या मराठी किंवा भाषाविज्ञान विभागाला त्यांविषयी कळवा.